भूपातली एक बंदिश आणि तिच्यातून निघणारी वाट

प्रश्न: सर, मी खानापूरजवळ राहते, मध्यमा पूर्ण झाली आहे. स्थायी-अंतरा मला व्यवस्थित येतो, वहीतल्या तानाही पाठ आहेत. पण आमच्या बाई म्हणतात, "आता तुझं तू गा," तेव्हा काहीच सुचत नाही, आणि जे सुचतं ते बंदिशीला वरून चिकटवल्यासारखं वाटतं. स्थायी आणि अंतरा नेमकं काय काम करतात? आणि विस्तार त्यांच्यातून निघतो म्हणजे कसा?

एकच राग आणि एकच छोटी बंदिश घेऊन सांगतो. राग भूप, ताल तीनताल, मध्यलय. ही बंदिश मी माझ्या वर्गासाठी बांधलेली आहे. शब्द साधे आहेत आणि चालही मुद्दाम सरळ ठेवली आहे, कारण आपल्याला तिच्यातले सांधे बघायचे आहेत. अक्षराखालचं टिंब म्हणजे मंद्र, वरचं टिंब म्हणजे तार.

स्थायी, नवव्या मात्रेपासून:

दी प ध रो | स खि आ ज | अँ ऽ ग ना | मो ऽ रे ऽ
प ग रे सा | सा ध़ सा रे | ग ऽ रे ग | प ऽ ग ऽ

साँ झ ढ री | अ ब पि यु | घ र आ ऽ | वे ऽ ऽ ऽ
ग ग प ध | सां सां ध प | ग प ग ऽ | रे ऽ सा ऽ

अंतरा, तोही नवव्यापासून:

बा ट नि हा | ऽ र त ऽ | नै ऽ न थ | के ऽ री ऽ
प ग प ध | ऽ प ध ऽ | सां ऽ रें सां | ध ऽ सां ऽ

आ स ज गी | अ ब ऽ ऽ | रा ऽ ह उ | जा ऽ रो ऽ
सां सां रें गं | रें सां ध प | ग ऽ प ग | रे ऽ सा ऽ

प्रत्येक ओळीतले पहिले दोन खण म्हणजे नऊ ते सोळा मात्रा. तिसऱ्या खणाचं पहिलं अक्षर समेवर. पहिल्या ओळीत समेवर "अँ" येतो आणि त्या "अँ"वर गंधार आहे. ही एक गोष्ट पक्की धरा, कारण बाकीचं सगळं तिच्यापासून निघतं.

भूपात स्वर पाचच: सा रे ग प ध. देसकारातही हेच पाच. मग भूप आणि देसकार वेगळे कशाने? भूपाचा वादी गंधार आहे, त्याचं वजन पूर्वांगात. देसकाराचा वादी धैवत, तो वरच्या अंगात वावरतो. बंदिश बांधणारा हे कुठे लिहून ठेवत नाही, तो समेवर गंधार ठेवतो. दर सोळा मात्रांनी तबल्याची सगळ्यात वजनदार जागा आणि रागाचा सगळ्यात वजनदार स्वर एकत्र येतात, आणि ऐकणाऱ्याच्या कानात भूप ठसतो. समेवर धैवत ठेवून बघा, स्वर तेच राहतील पण राग हलेल.

आता "दीप धरो सखि आज" हा तुकडा बघा. हा मुखडा. तो पंचमावरून खाली येतो, षड्जाला टेकतो, मंद्र धैवताला हात लावतो आणि "सा रे" करत गंधारावर उभा राहतो. "सा ध़ सा रे ग" ही भूपाची ओळखच. म्हणजे मुखड्याच्या आठ मात्रांत रागाचं तोंड दिसलं आणि समेची वाटही दिसली. म्हणूनच गवई फिरून फिरून मुखड्याकडे येतो. बाहेर गेलेला माणूस दाराची खूण लक्षात ठेवतो तसं हे आहे.

स्थायीची दुसरी ओळ पहिल्यांदा वर चढते. "साँझ ढरी अब" यात ग प ध सां येतो, पण तारषड्जावर ती थांबत नाही. दोन मात्रा तिथं काढून धैवत-पंचमावरून पुन्हा समेच्या गंधारावर उतरते. वरचा मजला आहे एवढंच ती दाखवते. तिथं राहायला जातो तो अंतरा.

अंतरा आणि मुखडा दोघांचीही सुरुवात पंचमापासूनच आहे, "प ग" अशीच. दोन स्वरांपर्यंत दोघं एकत्र चालतात. मग मुखडा "रे सा" करत खाली जातो आणि अंतरा "प ध" करत वर. अंतऱ्याची सम तारषड्जावर, "नै" या अक्षरावर. गंधाराऐवजी सम वर सरकली की ऐकणाऱ्याला उघड्यावर आल्यासारखं वाटतं. दुसऱ्या ओळीत "जगी"ला तार गंधार लागतो, हा बंदिशीतला सगळ्यात उंच स्वर. तिथून मात्र उतार सुरू होतो: रें सां ध प आणि समेवर "रा"ला पुन्हा मधला गंधार. अंतऱ्याची शेवटची ओळ म्हणजे परतीची वाट. ती गंधारावर आली नाही तर पुढचा मुखडा वेगळ्याच गाण्याचा वाटतो. विद्यार्थी अंतरा गाताना इथंच चुकतात. वर जातात दिमाखात आणि उतरताना घाई करतात. "उजारो"चं रे-सा गिळून टाकतात, आणि मग "दीप" म्हणताना पंचम कुठून आणायचा ते कळत नाही.

विस्तारासाठी जागा किती असते ते आधी मोजू. लय अशी धरा की एका सेकंदाला दोन मात्रा. म्हणजे आवर्तन आठ सेकंदांचं. त्यातले चार सेकंद मुखडा खातो. समेपासून आठव्या मात्रेपर्यंत तुमच्या हातात उरले चार सेकंद. एक मुखडा सोडला तर चोवीस मात्रा, म्हणजे बारा सेकंद. दोन सोडले तर चाळीस मात्रा. पहिले पंधरा दिवस मी विद्यार्थ्यांना आठ मात्रांच्या पलीकडे जाऊ देत नाही. "अँ" घ्यायचा, आठ मात्रांत एक लहानसं वाक्य म्हणायचं, आणि नवव्याला मुखडा. चार सेकंदांत माणूस भरकटू शकत नाही.

त्या आठ मात्रांत म्हणायचं काय, हे बंदिशच सांगते. मुखड्याच्या उत्तरार्धात, समेपर्यंत, मंद्र धैवत ते गंधार एवढा टप्पा आला आहे ना? मग पहिली पाच-सहा आवर्तनं तेवढ्यातच राहा. समेचा गंधार लांबवा. पुढच्या वेळी "ग रे, सा ध़, सा रे ग" असं गंधारापासून निघून गंधारावर या. त्यापुढच्या वेळी रिषभावर थोडं थांबून मग गंधार द्या, म्हणजे कान गंधाराची वाट बघेल. पंचमाला अजून हात लावायचा नाही. मग बंदिशीच्या पाचव्या मात्रेवर, "मोरे"च्या "मो"ला, पंचम आहे. तो आता उघडा: ग प, प ग, रे ग प ग. त्यानंतर स्थायीची दुसरी ओळ धैवत आणि तारषड्ज देते, तेव्हा तिथं जा. तारषड्जावर आलाप येऊन थांबला की अंतऱ्याचं "बाट निहारत" आपोआप तोंडात येतं, कारण अंतरा तिथूनच पुढे आहे. बंदिश एक स्वर एका जागी दाखवते आणि आलाप त्याच जागी जाऊन थोडा बसतो. एवढं कळलं की "काय गाऊ" हा प्रश्न बराच निवळतो.

माझ्या वर्गातली एक मुलगी आवाजाने फार चांगली. चोवीस मात्रांचा आलाप करायला लागली तेव्हा तिला धैवत आवडायला लागला. "प ध, ग प ध" करत ती धैवतावर थांबायची, तिथं आस छान लागायची, वर्गही खूश व्हायचा. तिसऱ्या आवर्तनाला तबल्यावरच्या आमच्या अण्णांनीच मान वर केली. ते कानडी बोलणारे, मराठी मोडकं. मला म्हणाले, "नोड्री, राग कुठं चालला?" बरोबर होतं त्यांचं. ती देसकारात गेली होती. तिने चुकीचा एकही स्वर लावला नव्हता, फक्त मुक्काम चुकीच्या जागी केला होता. ओळखायची खूण सोपी आहे: आलापानंतर मुखडा म्हटला की समेचा गंधार नवखा वाटला, उपरा वाटला, तर समजा मधल्या मात्रांत राग सटकला. तो घरचा वाटला पाहिजे. मी तिला एवढंच सांगितलं की धैवतावर जा, पण थांबायचं झालं तर पंचमावर किंवा गंधारावर येऊन थांब. अंतऱ्यात "थके"च्या "के"ला धैवत आहे आणि तोही पुढे लगेच तारषड्जाला मिळतो, बसत नाही. उत्तर तिच्या पाठ असलेल्या बंदिशीतच होतं.

आता शब्दांकडे. आलापात शब्द लांबवता येतात, पण लयीशी खेळायचं तर शब्द तोडावे लागतात. त्याला आपण बोलबाट म्हणतो. इथं गणित लागतं, पण ते बोटांवर मोजून होत नाही, बंदिश अंगात मुरली तर आपोआप होतं. पहिला प्रकार दुगुणीचा. पहिली ओळ सोळा अक्षर-जागांची आहे, दुप्पट लयीत ती आठ मात्रांत संपते. म्हणजे समेपासून ती दुगुणीत म्हणायला घेतली की आठव्याला संपते आणि नवव्याला एकपट मुखडा. दोन्ही एकापुढे एक आले की ऐकणाऱ्याला एकाच चालीच्या दोन लयी शेजारी शेजारी दिसतात.

दुसरा प्रकार तिहाई, आणि या बंदिशीत एक फार सुरेख बसते. "सखि आज अँ" हा तुकडा घ्या. अक्षरं पाच: स खि आ ज अँ. एका मात्रेला एक अक्षर, मध्ये न थांबता तीन वेळा म्हणायचा. पंधरा अक्षरं झाली आणि शेवटचा "अँ" समेवर हवा, म्हणजे सुरुवात तिसऱ्या मात्रेपासून. पहिला "अँ" सातव्या मात्रेवर पडतो, दुसरा बाराव्यावर, तिसरा समेवर. गंमत बघा: तिसऱ्या वेळचं "सखि आज" तेरा ते सोळा मात्रांवर येतं, आणि बंदिशीत ते मुळात तिथंच आहे. पहिले दोन तुकडे भलत्या जागी वाटतात आणि तिसरा स्वतःच्या घरी येतो. अशी तिहाई बाहेरून बसवायला जाल तर बसेल, पण ती बंदिशीच्याच अक्षरांतून निघाली की ऐकणारा हसतो, मान डोलावतो. स्वरांतही तेच आहे, दर वेळी "सा ध़ सा रे ग".

आता तुमच्या वहीतल्या ताना. त्या टाकून देऊ नका, गळ्याच्या तयारीला त्या हव्यातच. पण मैफलीत त्या चिकटवल्यासारख्या का वाटतात ते सांगतो. वहीतली तान बहुधा समेला सुरू होते, आठ मात्रांत सोळा स्वर घेते आणि षड्जावर संपते. मुखडा सुरू होतो पंचमावर. म्हणजे तान संपली, दार बंद झालं, आणि मग मुखडा नवीन दार उघडतो. दोघांमध्ये सांधा नाही.

तेच असं करून बघा. समेला "अँ" नीट म्हणा, दोन मात्रा धरा. तान तिसऱ्या मात्रेपासून, सहा मात्रांची, मात्रेला दोन स्वर:

पध सांध पग रेसा ध़सा रेग

आणि लगेच नवव्याला "दीप", पंचमावर. तान गंधारावर संपते आणि पुढचा पंचम तिचाच पुढचा स्वर होतो. शिवाय तिच्या शेवटी "सा ध़ सा रे ग" आहे, म्हणजे मुखड्याचा उत्तरार्ध तानेत आधीच ऐकू आला. अशी तान लिहून पाठ करण्यापेक्षा मी एक व्यायाम देतो: शेवटचे सहा स्वर, "रेसा ध़सा रेग", ठरलेले ठेवायचे आणि पहिले सहा दर वेळी बदलायचे. आज "पध सांध पग", उद्या "गप धप गग", परवा "सांसां धप धग". शेवट माहीत असला की सुरुवातीला धाडस येतं. महिन्याभराने शेवटही सोडता येतो.

मी हे फार उशिरा शिकलो. विशीत असताना एका गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात मी पाठ केलेल्या सोळा-सोळा स्वरांच्या ताना घेत होतो. तबलजींनी लय थोडी वाढवली, माझी तान त्या लयीत बसेना, दोन मात्रा मागे राहिलो आणि सम गेली. मुखडा कुठे उचलायचा ते कळेना, कारण मी तबला ऐकतच नव्हतो, मनात आकडे मोजत होतो. त्यानंतर माझ्या गुरूंनी मला तीन महिने तान घेऊ दिली नाही. नुसती बंदिश, ठेका लावून, कधी मुखडा सोडून द्यायचा आणि मनात म्हणायचा, कधी अंतऱ्यातून थेट स्थायीत यायचं. बंदिश मनात चालू राहिली तर मात्रा मोजाव्या लागत नाहीत, हे तेव्हा कळलं.

ठेका ऐकण्याबद्दल एक बारीक गोष्ट, कारण बहुतेक जण इथं एक मात्रा उशिरा येतात. तीनतालाचा तिसरा खण "धा तिं तिं ता" असा आहे. खाली नवव्या मात्रेवर असली तरी तिथं "धा" वाजतो, डग्ग्याचा घुमारा अजून असतो. तो जातो दहाव्यापासून आणि चौदाव्याच्या "धिं"ला परत येतो. डग्गा गेल्याचं ऐकून तुम्ही "दीप" उचललात तर तुमचा "दी" दहाव्यावर पडेल आणि सम चुकेल. डग्गा जाण्याची वाट बघू नका. तो गेला तेव्हा तुम्ही "प"वर असायला हवं, आणि तो परत आला तेव्हा "खि"वर. मोबाइलवरच्या तबल्यावरही हे ऐकू येतं, पण डग्गा ऐकू येईल असा चांगला स्पीकर लावा. फोनच्या स्वतःच्या स्पीकरमधून घुमारा येतच नाही, आणि मग खालीच्या या खुणा सगळ्या पुसल्या जातात.

हे सगळं छोट्या ख्यालाचं झालं. बड्या ख्यालात तत्त्व तेच, वेळ मात्र फार मोठा. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं आणि मुखडा बहुतेक वेळा शेवटच्या एक-दोन मात्रांत येतो. तिथं अंतरा कधी घ्यायचा याबद्दल घराण्यांचे मार्ग वेगळे आहेत. आपण बेळगावकर या बाबतीत मोक्याच्या जागी बसलो आहोत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी आणलेली ग्वाल्हेरची गायकी, अब्दुल करीम खाँसाहेबांचं मिरज, अल्लादिया खाँसाहेबांचं कोल्हापूर, खाली धारवाडकडचा सगळा प्रांत, हे आपल्या चारी बाजूंना आहे, आणि कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी तर आपल्याच जिल्ह्यात. ग्वाल्हेरवाले स्थायी-अंतरा आधी पूर्ण मांडतात आणि मग त्याचा विस्तार करतात. किराण्यात स्वर एकेक करत बढत होते, विलंबितात अंतरा बऱ्याचदा पुसटसा येतो किंवा येतही नाही. जयपूर-अत्रौलीत आलापही लयीला बांधलेला असतो, आवर्तन भरण्याचा हिशेब पहिल्यापासून दिसतो. तुमच्या बाई ज्या रीतीने शिकवतात तीच आधी पक्की करा. दोन रीती एकदम मिसळल्या तर अंतरा कधी घ्यायचा हेच ठरत नाही.

सुरुवात कशी करायची तेही सांगतो. आठ दिवस विस्तार करू नका. बंदिश रोज वीस मिनिटं, तानपुरा आणि ठेका लावून, शब्दांत. सरगमात म्हणायची नाही. मग पहिल्या ओळीतला फक्त "अँगना मोरे" हा समेनंतरचा भाग दर आवर्तनाला वेगळा म्हणा, मुखडा मात्र अजिबात बदलायचा नाही. शब्द तेच, मात्रा आठच, स्वर "ध़ सा रे ग प" यांच्यातले. "ग ऽ रे ग | प ऽ ग ऽ" च्या जागी एकदा "ग ऽ ग रे | सा रे ग ऽ", पुढे "ग प ग रे | ग ऽ ग ऽ". हे करताना स्वतःचं गाणं फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. कुठे मुखड्याचा "दी" आदळल्यासारखा येतो ते शोधा, आणि त्याआधीचा शेवटचा स्वर कोणता होता ते लिहून ठेवा. बहुधा तो षड्ज असेल.